सईच्या आईबाबांना काय सांगू?

पत्र

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत पाचवीला शिकवते. नोकरीचं तिसरं वर्ष आहे. वर्गातली एक मुलगी, तिला आपण सई म्हणू, चौथीत गणितात ब-1 होती, ती पहिल्या सत्रात क-1 वर आली. मराठीतही अ-2 वरून ब-2. जूनमध्ये ठीक होती, गणपतीनंतर गृहपाठ अर्धवट यायला लागला. वडील एमआयडीसीत पाळीवर जातात. तापट आहेत. मागच्या सभेत सगळ्यांसमोर तिला ‘घरी चल, बघतो’ म्हणाले. आई गप्प बसते. तेव्हा मी ‘हुशार आहे, फक्त थोडं लक्ष द्या’ असं बोलून वेळ निभावली. आता दिवाळीनंतर निकालाची पालकसभा आहे. खरं सांगितलं तर पोरीला मार बसेल आणि गोड बोलले तर काहीच बदलणार नाही. नेमकं काय बोलू, अगदी शब्दांसकट सांगाल का? तिच्या गणिताच्या उत्तरपत्रिकेचे आणि नोंदवहीचे फोटो जोडले आहेत.

उत्तर

फोटो जोडलेत हे फार बरं केलंत. ते नसते तर मीही तुम्हाला चार गोड वाक्यं लिहून पाठवली असती. आता आधी उत्तरपत्रिका बघू आणि संवादाकडे मागाहून येऊ, कारण पालकांसमोर काय बोलायचं ते याच कागदांतून निघणार आहे.

नोंदवहीत आकारिकचे 50 पैकी 36 आहेत. संकलितमध्ये तोंडीचे 10 पैकी 7 आणि लेखीचे 40 पैकी 11. बेरीज 54, म्हणून श्रेणी क-1. आकारिकमध्ये उपक्रम, प्रकल्प, वर्गकार्य, स्वाध्याय असं सगळं येतं आणि आपण शिक्षक तिथे हात जरा सैल सोडतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. त्या 36 गुणांनी लेखी पेपरवर पांघरूण घातलंय. घरी प्रगतिपुस्तक गेलं की वडील ‘क-1’ बघतील आणि त्यातून त्यांना काहीच कळणार नाही. फार तर शेजारच्या मुलाचा ब-1 आहे एवढं कळेल. म्हणून सभेत श्रेणी बोलायची नाही, 40 पैकी 11 हे बोलायचं. ऐकायला कठोर वाटतं, पण ते कुठे गेले हे लगेच पुढच्या वाक्यात दाखवता येतं. श्रेणीत तसं काही दाखवता येत नाही.

ते 29 गुण कुठे गेले बघा. शेवटची तीन शाब्दिक उदाहरणं पूर्ण कोरी आहेत, चार-चार गुणांची. म्हणजे 12 तिथेच गेले. भागाकाराच्या प्रश्नात आणि त्यावर आधारलेल्या उदाहरणांत 11 गेले. उरलेले सहा इकडेतिकडे सांडलेत, त्यांच्या मागे लागू नका.

आता तिचे भागाकार नीट बघा. 936 ला 4 ने भागून तिनं 234 काढलेत, अचूक. 612 ला 6 ने भागून लिहिलंय 12. 824 ला 4 ने भागून 26. 1545 ला 5 ने भागून 39. खरी उत्तरं 102, 206 आणि 309. तिन्ही चुका एकाच जातीच्या आहेत. भाग जात नाही तिथे भागाकारात शून्य मांडायचं असतं, ते ती मांडत नाही. थेट पुढचा अंक उतरवून घेते. मांडणी येते, वजाबाकी येते, अंक उतरवणं येतं. ज्या गणितात मधे शून्य येत नाही ते तिनं बरोबर सोडवलंय. म्हणजे भागाकाराची रीत तिला येते आणि स्थानिक किंमत मात्र निसटलीय. 600 रुपये सहा जणांत वाटले तरी प्रत्येकी 100 होतात, मग 612 चे 12 कसे होतील, हा प्रश्न तिला पडत नाही. ही चौथीतली गोष्ट आहे. चौथीत सोप्या आकड्यांवर निभावून गेली, पाचवीत अडली.

तुम्ही लिहिलेलं ‘हुशार आहे, फक्त थोडं लक्ष द्या’ हे वाक्य इथे किती निरुपयोगी आहे ते आता दिसेल. सई कितीही लक्ष देऊन बसली तरी 612 चे 12 च करणार, कारण तिच्या मते ते बरोबर आहे.

सभेच्या आधी तिच्याबरोबर अर्धा तास बसा आणि एवढ्या गोष्टी तपासा. पहिलं, कोरी सोडलेली तीन उदाहरणं तिला पुन्हा द्या, वेळेचं बंधन न घालता. जमली तर परीक्षेत वेळ पुरला नव्हता. नाही जमली तर तीच उदाहरणं तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा. ऐकून जमत असतील तर अडचण वाचनाची आहे, आणि मराठीतली घसरण त्याच कारणानं झालेली असू शकते. मग तिसरीच्या पुस्तकातला एखादा उतारा तिच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. अडखळते का, ओळ सुटते का, वाचलेलं सांगता येतं का, हे बघा. ऐकूनही उदाहरणं जमली नाहीत तर मात्र प्रश्न गणिताचाच.

दुसरं, तिला ‘सात अठ्ठे किती?’ एवढंच विचारा आणि तिच्या ओठांकडे बघा. माझा अंदाज आहे की ती ‘सात एके सात, सात दुणे चौदा’ अशी सुरुवातीपासून चढत जाईल. पाढा येतो, पण मधली ओळ सुटी येत नाही. असं मूल प्रत्येक गुणाकाराला पाढ्याच्या पायथ्यापासून निघतं आणि पेपर संपेपर्यंत शेवटचे प्रश्न राहून जातात. कोऱ्या जागेचं हे कारण मी फार वेळा बघितलंय आणि जवळजवळ दर वेळी त्याला आळस म्हटलं गेलंय.

तिसरं, फळ्यावरून उतरवलेली गणितं आणि पुस्तकातून उतरवलेली गणितं तिच्या वहीत शेजारी ठेवून बघा. अंकांची अदलाबदल फक्त फळ्यावरच्यात असेल तर डोळे तपासायला सांगायचे. शाळेत आरोग्य पथकाची तपासणी होऊन गेली असली तरी सांगायचे, कारण ती वर्षातून एकदाच होते आणि मुलांचा नंबर तिची वाट बघत नाही. वही चाळताना तारखाही बघा. अक्षर, समास, गृहपाठ नेमके कुठल्या आठवड्यापासून बिघडले? हजेरीपट शेजारी ठेवा. गणपतीच्या आसपास घरात काहीतरी घडलंय असं तुमच्या पत्रावरून वाटतं. ते काय, हे तुम्हाला माहीत नाही, आणि ते तुम्ही तर्कानं ठरवायचं नाही. ते घरातून कळायला हवं, म्हणूनच तर ही भेट.

याच अर्ध्या तासाच्या शेवटी सईला सांगून टाका: “तुझ्या आईबाबांना मी तुझे भागाकार दाखवणार आहे. तुझं काय बरोबर येतं तेही दाखवणार आहे आणि शून्य कुठे हरवतं तेही.” मुलांना भीती वाटते ती बाई आत काय बोलतील याची. आधी कळलं तर ती घरी येणाऱ्या प्रश्नाला तयार असते, आणि आपल्या पाठीमागे काही झालं असं तिला वाटत नाही.

बसायचं कसं

सईच्या पालकांना त्या गर्दीत घेऊ नका. सभेच्या दिवशी दाराशी आठ-दहा पालक ताटकळत असतात, त्यांच्या कानावर 40 पैकी 11 गेलं की वडिलांचा अपमान होतो, आणि त्या अपमानाची वसुली पोरीकडून होते. मागच्या वेळचं ‘घरी चल, बघतो’ हे सगळ्यांसमोर निघालं होतं, हे लक्षात घ्या. वडिलांची पाळी विचारून वेगळी वेळ ठरवा, वीस मिनिटांची. दोघांनाही बोलवा. निरोप सईच्या वहीत लिहून पाठवू नका, फोन करा, आणि फोनवरच सांगा: “तक्रार नाही. पेपर दाखवायचाय आणि तुम्हाला काही विचारायचंय.” मुलांच्या बाकावर त्यांना बसवून स्वतः खुर्चीवर बसू नका. तीन खुर्च्या एका बाजूला ओढा, उत्तरपत्रिका मधे ठेवा. सई सुरुवातीला आत नको, शेवटची पाच मिनिटं तिला बोलवायचं.

बोलायचं काय

आता शब्द. पाठ करू नका, तुमच्या तोंडात जसे बसतील तसे फिरवा. पण क्रम मोडू नका.

“या दादा, या ताई. पाळी सांभाळून आलात, बरं वाटलं. आज मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. सईचा गणिताचा पेपर आपण तिघं मिळून बघू, आणि घरी ती कशी असते ते तुम्ही मला सांगा. शेवटी पुढचे सहा आठवडे काय करायचं ते ठरवू.”

एवढ्यावर थांबा आणि पेपर उघडा. ‘तशी ती गुणी आहे हो’ अशी प्रस्तावना करू नका. पालकांना हा सूर पाठ असतो. बाई गोड बोलायला लागल्या की ते पुढच्या ‘पण’ची वाट बघत बसतात आणि मधलं कौतुक कानावरून जातं.

“लेखी पेपरात सईला 40 पैकी 11 मिळालेत. हे कमी आहेत. चौथीत ती याच्या बरीच पुढे होती, म्हणजे ती मागे आलीय, आणि हे मी तुम्हाला स्पष्टच सांगते. आता हे बघा.” इथे 936 च्या गणितावर बोट ठेवा. “हे तिनं एकटीनं सोडवलंय, संपूर्ण बरोबर. आणि हे 612 चं. इथे मधलं शून्य लिहिलं नाही. हे 824 चं, तीच चूक. हे 1545 चं, तीच चूक. तीन वेगवेगळ्या चुका असत्या तर मला जास्त काळजी वाटली असती. ही एकच आहे, आणि ती कशी काढायची ते मला माहीत आहे.”

या परिच्छेदात वाईट बातमी आधी आहे आणि ती ‘थोडी’, ‘जराशी’ असे शब्द न लावता आहे. धीर देणारी गोष्टही त्याच कागदावर आहे, तुमच्या स्वभावातून आलेली नाही. वडील कारखान्यात काम करतात. रोज शेकडो नग बाद होण्यामागे यंत्राची एकच सेटिंग हललेली असू शकते, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. हवं तर त्यांच्याच भाषेत सांगा.

मग कोऱ्या उदाहरणांबद्दल, तपासणीत जे निघालं असेल ते. समजा पाढ्यांचंच निघालं: “ही तीन तिनं टाळली नाहीत, तिथपर्यंत ती पोचलीच नाही. सात अठ्ठे विचारलं की ती सात एकेपासून सुरू करते. दर वेळी. त्यात वेळ जातो.”

आता तुम्ही गप्प बसायचं आणि विचारायचं. प्रश्न असा: “शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत सई काय काय करते, मला क्रमानं सांगाल का?” ‘घरी अभ्यास करते का?’ असं विचारलंत तर ‘हो, करते की’ एवढंच उत्तर येईल आणि दोघंही बचावाच्या पवित्र्यात जातील. क्रमानं विचारलं की गोष्टी आपोआप बाहेर येतात: आई संध्याकाळी कामाला जायला लागलीय, धाकट्याला सई सांभाळते, आजी आजारी आहे, वडिलांची रात्रपाळी लागल्यापासून दिवसा घरात आवाज करायचा नाही. हा प्रश्न आईकडे बघून विचारा, नावानं विचारा, आणि वडिलांनी मधेच उत्तर दिलं तर ऐकून घेऊन पुन्हा आईकडे वळा: “आणि ताई, तुम्ही घरी असता तेव्हा?” जी आई सभेत गप्प असते ती घरी सईबरोबर सगळ्यात जास्त वेळ असते. तिच्याकडची माहिती मिळाली नाही तर भेट अर्धीच झाली असं समजा.

घरातलं काही कारण कळलं तर त्यावर निवाडा देऊ नका. “हं, म्हणजे गणपतीपासून संध्याकाळी सात ते नऊ ती आणि धाकटा दोघंच असतात,” एवढं परत म्हणा, म्हणजे त्यांना कळेल की तुम्ही ऐकलंत. आईनं नोकरी सोडावी असं सुचवणारा एकही शब्द तुमच्या तोंडून जायला नको.

अडणाऱ्या जागा

वडील चिडतील. “आळशी आहे ती, मोबाईल घेऊन बसते, बघतो मी तिच्याकडे,” असं काहीतरी येईल. त्या वेळी मोबाईल चांगला की वाईट या वादात शिरू नका. असं म्हणा: “दादा, तुम्हाला राग आला कारण तुम्हाला तिची काळजी आहे. पण हा पेपर बघा. ज्या गोष्टीचा तुम्हाला राग आलाय ती आळसातून आलेली नाही. मार बसला तर ती शून्य लिहायला शिकणार नाही, पेपर लपवायला शिकेल, आणि मग मला चूक दिसणारच नाही. माझी एक मागणी आहे. आज घरी गेल्यावर या पेपरावरून तिला काही बोलायचं नाही. बोलायचंच असेल तर 936 चं गणित तिला दाखवा आणि हे कसं केलंस ते तिच्याकडून समजावून घ्या.” शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. रागावलेल्या माणसाला नुसतं ‘मारू नका’ सांगून भागत नाही, त्याला घरी गेल्यावर करायला काहीतरी द्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी सईला सहज विचारा, बाबांनी कुठलं गणित विचारलं. ती बोलायची टाळाटाळ करतेय किंवा अंगावर वळ दिसताहेत असं झालं, तर ते मनात ठेवू नका. मुख्याध्यापकांना सांगा, आणि 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक कशासाठी आहे ते तुम्हाला माहीत असेलच.

“शिकवणी लावू का?” हा दुसरा. पालकांना हा प्रश्न सोपा वाटतो कारण पैसे देऊन काळजी दुसऱ्याकडे सोपवता येते. सांगा: “आत्ता नको. शिकवणीत पाचवीचाच धडा पुन्हा होईल आणि तिचं अडलंय चौथीतल्या गोष्टीवर. सहा आठवडे माझ्याकडे द्या, मग लागली तर बोलू.”

“ती नापास होईल का?” याचं उत्तर गुळमुळीत देऊ नका, कारण पाचवीला हा प्रश्न खराच आहे. 2023-24 पासून आपल्याकडे पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, प्रत्येक विषयात 35 टक्के लागतात. कमी पडले तर जादा मार्गदर्शन आणि पुन्हा परीक्षा, आणि तिथेही नाही जमलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. तोंडी आणि लेखी मिळून सईचे आत्ताचे 50 पैकी 18 होतात, 36 टक्के. म्हणा: “आज परीक्षा झाली असती तर ती काठावर सुटली असती. शून्याची चूक गेली आणि ती तीन उदाहरणं सोडवायला वेळ मिळाला तर काठावर राहायचं कारण नाही. पण आपोआप होईल असं मी म्हणणार नाही.” ‘काही काळजी करू नका’ हे शब्द देऊ नका. वार्षिक निकालाच्या वेळी ते तुमच्याकडे परत मागितले जातील.

“हिचा दादा असा नव्हता” किंवा “त्या अमक्याच्या पोरीला किती पडले?” याला लांब उत्तर लागत नाही. “आज फक्त सईचा पेपर काढलाय,” एवढं पुरे.

आणि एक शब्द तुमच्यासाठी. वाचनाच्या तपासणीत तुम्हाला शंका आली तरी ‘डिस्लेक्सिया’ किंवा ‘अध्ययन अक्षमता’ हे शब्द या भेटीत काढू नका. ते ठरवणं आपल्या हातात नाही. “ती वाचताना ओळ सोडते, हे मला तीनदा दिसलं” असं दिसलेलं सांगा, नाव देऊ नका. सहा आठवड्यांनी तेच दिसत राहिलं तर गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांकडून तिला बघून घ्या. तेव्हाही पालकांना आधी सांगून, लपवून नाही.

ठरवायचं काय

तीन माणसं, तीन कामं, यापेक्षा जास्त नको. पालकसभेतून आठ सूचनांची यादी घेऊन गेलेलं घर त्यातली एकही पाळत नाही.

तुमचं काम: आठवड्यातून तीन दिवस, शाळा भरण्याआधी पंधरा मिनिटं. मधली सुट्टी घेऊ नका, तिचं खेळणं काढून घेतलंत तर ही शिक्षा होईल. शतकाच्या पाट्या, दशकाचे दांडे आणि सुटे काढा. 612 मांडा: सहा पाट्या, एक दांडा, दोन सुटे. सहा ठिकाणी वाटायला लावा. पाट्या एकेक जातात. दांडा एकच, सहा जणांना पुरत नाही, म्हणून दशकाच्या घरात प्रत्येकाला काही मिळालं नाही, तिथे शून्य. दांडा मोडून दहा सुटे, दोन मिळून बारा, प्रत्येकी दोन. हे हातानं चार-पाच वेळा झालं की मग कागदावर या. कागदावर भागाकार सुरू करण्याआधी तिनं अंदाज म्हणायचा: “उत्तर शंभराच्या आसपास.” अंदाज आणि उत्तर जुळलं नाही की ती स्वतःच थांबेल. तिथे तुमचं निम्मं काम झालं.

आईचं काम: रोज दहा मिनिटं पाढे, पण ओळीनं नाहीत. उजळणीचं पुस्तक आईच्या हातात, सई समोर, आणि आई मधूनच विचारणार: आठ सत्ते? नऊ सक्क? आई किती शिकलीय याचा प्रश्न येत नाही, उत्तर तिच्या हातातल्या पुस्तकात छापलेलं आहे. सगळे पाढे घेऊ नका. सहा ते नऊच्या पाढ्यांतला सक्कपासून नव्वेपर्यंतचा, म्हणजे सहापटीपासून नऊपटीपर्यंतचा भागच मुलांना जड जातो, आणि सात अठ्ठे आणि आठ सत्ते एकच धरलं तर तिथे दहाच गुणाकार उरतात. ते दहा एका कागदावर लिहून द्या. आई भाकरी करताना, सई भांडी लावताना, कधीही चालेल. घरी आई नसण्याची वेळ असेल तर हे काम वडिलांना द्या, त्यांना ते आवडण्याचीही शक्यता आहे.

सईचं काम: गृहपाठात एक दिवसाआड चार भागाकार. चारच. त्यातल्या दोनांत मधे शून्य येणार, दोनांत नाही, म्हणजे प्रत्येक वेळी निम्मं तरी बरोबर येईल आणि शून्य कुठे लागतं, कुठे नाही, हा फरकही तिच्या डोळ्यांसमोर राहील.

आता सईला आत बोलवा. तिच्यासमोर पुन्हा 11 चा उच्चार नको, तिला तो माहीत आहे. “सई, आईबाबांनी तुझं 936 बघितलं. शून्याचं आपण दोघी करणार आहोत, आई पाढे विचारणार आहे. तुला यातलं काय जड जाईल असं वाटतं?” ती ‘काही नाही’ म्हणेल. चालेल. तिला विचारलं गेलं, हे आईवडिलांना दिसलं.

हे सगळं एका चिठ्ठीवर लिहा, साध्या शब्दांत, आणि एक प्रत तुमच्याकडे ठेवा. वर तारीख, मधे तीन कामं, खाली पुढच्या भेटीची तारीख. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भेट झाली तर सहा आठवडे नववर्षाच्या आसपास भरतात, म्हणजे संक्रांतीच्या आधीची एखादी तारीख घाला. वर्णनात्मक नोंदीत मात्र ‘अभ्यासात सुधारणा आवश्यक’ हे ठेवणीतलं वाक्य लिहू नका. ‘भागाकारात भाग न जाणाऱ्या स्थानी शून्य मांडत नाही, शून्य नसलेले भागाकार अचूक करते’ असं लिहा. पुढच्या वर्षी सहावीच्या बाईंना त्याचा उपयोग होईल.

मधल्या काळात, तिसऱ्या आठवड्यात, घरी एक फोन करा. दोन मिनिटांचा. चांगलं किंवा वाईट, जे असेल ते एका वाक्यात: “या आठवड्यात सहापैकी चार भागाकारांत शून्य बरोबर आलं.” शाळेतून फोन आला की घरात धडकीच भरते, कारण तो नेहमी तक्रारीचाच असतो. हा फोन शक्यतो वडिलांना करा.

सहाव्या आठवड्यात तिला पुन्हा दहा भागाकार द्या, पाच शून्याचे, पाच साधे, आणि वेळ लावा. आठ किंवा जास्त बरोबर आले तर शून्याचं प्रकरण मिटलं, अपूर्णांकांकडे वळा, कारण पहिल्या सत्रात तेही घाईत झालेत असं पेपरावरून दिसतंय. पाच-सहाच आले आणि चुका पुन्हा शून्याच्याच असतील तर वस्तूंवरून कागदावर तुम्ही लवकर आलात, दोन आठवडे मागे जा. चुका सगळीकडे पसरल्या असतील, किंवा आज येतं आणि उद्या येत नाही असं होत असेल, तर गणिताच्या पलीकडे बघावं लागेल: झोप, डोळे, वाचन, घरातली ती संध्याकाळ. त्यासाठीही तुमच्याकडे आईवडिलांची ठरलेली तारीख असेलच.